कारखान्याचा ऐंशी पानी अहवाल दहा स्लाइडमध्ये: तीन ओळींत काय उरतं, काय गळतं?

सप्टेंबर आला की शिरूर-दौंडच्या पट्ट्यात फोनवर एक पीडीएफ फिरायला लागते. साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असा सहकार कायद्याचा नियम आहे. त्यामुळे सगळ्या संस्थांचे अहवाल एकाच महिन्यात येतात. कारखाना, सोसायटी, पतसंस्था, दूध संघ. घरात तीन-चार सभासदत्वं असतील तर दोनशे-अडीचशे पानं होतात. ती कोण वाचणार?

म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवीन प्रकार दिसतोय. गावातली कॉलेजची पोरं त्या अहवालाच्या स्लाइड बनवतात. प्रत्येक स्लाइडवर एक मथळा, खाली तीन मुद्दे, आणि मग व्हॉट्सॲप ग्रुपवर. मांडवगणच्या एका मुलाने मला गेल्या वर्षी सरळ विचारलं, "दादा, ऐंशी पानं वाचायला लोकांना वेळ नाय, दहा स्लाइडीत बसंल का सगळं?"

सगळं बसत नाही. पण जे बसायला हवं ते नक्की बसतं. अडचण अशी की बहुतेक स्लाइडमध्ये नेमकं तेच गळतं. हा लेख त्या गळतीबद्दल आहे.

शिरूर-दौंडला याची गरज का

या दोन तालुक्यांत दोन जुने सहकारी साखर कारखाने आहेत. शिरूर तालुक्यात न्हावऱ्याचा घोडगंगा आणि दौंड तालुक्यात पाटसचा भीमा. भीमा काही वर्षं बंद होता आणि २०२२ मध्ये तो निराणी समूहाकडे भाडेतत्त्वावर गेला. घोडगंगाचा २०२३-२४ चा गाळप हंगाम झालाच नाही, आणि तो विषय विधानसभेच्या प्रचारात गावोगाव गाजला. कोणामुळे काय झालं यावर पारावर रोज चर्चा होते, त्यात मी पडत नाही. मला फक्त एवढं म्हणायचंय की असं एका दिवसात होत नाही. कारखान्याची तब्येत बिघडत जाते तेव्हा ती वर्षानुवर्षं अहवालात लिहिलेली असते, फक्त पुढच्या पानांवर नसते.

सहकारी कारखान्याचा अहवाल साधारण कसा असतो ते बघा. सुरुवातीला सभेची नोटीस आणि विषयपत्रिका. मग संचालक मंडळाचे फोटो. मग अध्यक्षांचं मनोगत: गाळप किती, साखर किती, कोणते प्रकल्प येणार. त्यानंतर तक्ते. नंतर ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात, लेखापरीक्षकांचा अहवाल आणि त्यातल्या आक्षेपांवर संस्थेने दिलेला दोष दुरुस्ती अहवाल. सभेत मात्र "विषय क्रमांक चार... मंजूर, मंजूर" एवढंच ऐकू येतं.

स्लाइड बनवणारा पहिल्या पानापासून सुरू करतो. त्यामुळे मनोगतातून पाच स्लाइड निघतात, तक्त्यांतून तीन, ताळेबंदातून एक. शेवटच्या वीस पानांपर्यंत येईतो दहा स्लाइड संपलेल्या असतात. म्हणजे लबाडी कोणी केलेली नसते, पण अहवालाचा जो क्रम होता तोच क्रम स्लाइडने पुढे नेला.

म्हणून माझी पहिली सूचना: अहवाल मागून वाचायला घ्या. आधी लेखापरीक्षकांचे शेरे, मग ताळेबंद आणि नफा-तोटा, मग तक्ते, आणि मनोगत सर्वांत शेवटी. मनोगतातलं एखादं वाक्य मागच्या पानांशी जुळत नसेल तर ते तुम्हाला लगेच दिसतं. उलट क्रमाने वाचलं तर दिसत नाही.

आधी मजकूर हातात तर येऊ द्या

कामाला बसलात की पहिला अडथळा तांत्रिक असतो. पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी केला की नोटपॅडमध्ये काहीतरी अगम्य इंग्रजी अक्षरं येतात. "भारत" शब्दाच्या जागी `Hkkjr` दिसलं तर समजा की अहवाल कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप झालाय. आपल्याकडचे बरेच छापखाने अजून जुन्या फाँटवरच काम करतात. या फाँटमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त पडद्यावर त्यांना मराठी आकार दिलेला असतो. युनिकोडमध्ये तसं नसतं, तिथे "भ" म्हणजे खरोखर "भ" साठवलेला असतो.

यावर दोन उपाय. एक, फाँट ओळखून युनिकोड कन्व्हर्टर वापरायचा. दोन, पान फोटोसारखं समजून गूगल लेन्सने त्यातला मजकूर उचलायचा. फोनवर दुसरा सोपा पडतो. पण आकड्यांच्या बाबतीत दोन्हींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. फोटोवरून मजकूर ओळखताना देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते. स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह एकमेकांच्या जागी जातात.

ताळेबंदाचं पान तर आणखी वेगळं. त्यात डाव्या बाजूला भांडवल व देणी, उजव्या बाजूला मालमत्ता व येणी, आणि दोन्ही बाजूंना "मागील वर्ष" आणि "चालू वर्ष" असे रकाने. मजकूर उचलणारं ॲप ओळ सरळ वाचत जातं. त्यामुळे डावीकडच्या ठेवींचा आकडा उजवीकडच्या यंत्रसामग्रीला चिकटतो, किंवा मागच्या वर्षाचा आकडा या वर्षाचा होऊन बसतो.

सुदैवाने तपासायची सोय ताळेबंदातच असते. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायलाच हवी. उचललेले आकडे शीटमध्ये टाका, बेरीज करा आणि छापील बेरजेशी ताडा. जुळली नाही तर कुठलातरी आकडा चुकीचा आलाय. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळून पाठवलेली चुकीची स्लाइड ग्रुपमधून परत घेता येत नाही.

एककाचीही काळजी घ्या. ताळेबंद रुपयांत, तक्ता लाखांत आणि मनोगत कोटींत, असं एकाच अहवालात असतं. २,८१,५६,४३० रुपये म्हणजे २.८२ कोटी किंवा २८१.५६ लाख. स्लाइड करण्याआधी सगळे आकडे एकाच एककात आणा.

तीन मुद्दे म्हणजे तीन वेगळी कामं

आता मूळ मुद्दा. एका स्लाइडवर तीनच मुद्दे हा नियम मला आवडतो, कारण फोनच्या पडद्यावर चौथा मुद्दा आला की अक्षर बारीक होतं. पण बहुतेक जण तीन जागा म्हणजे तीन आकड्यांसाठी जागा असं समजतात. गाळप इतकं, साखर इतकी, उतारा इतका. झाली स्लाइड. वाचणाऱ्याला त्यातून काय कळलं? चांगलं झालं की वाईट, हेही कळलं नाही.

मी तिन्ही जागांना कामं ठरवून देतो. पहिला मुद्दा आकडा सांगतो. दुसरा तुलना सांगतो, म्हणजे मागच्या वर्षाशी किंवा नियमाने जे हवं होतं त्याच्याशी. तिसरा मुद्दा अट सांगतो: हा आकडा कोणत्या तारखेचा, कशाशिवाय, आणि कोणत्या शेऱ्यासकट. मथळ्यात विषयाचं नाव न लिहिता निष्कर्षाचं वाक्य लिहायचं. "ऊसदर" हा मथळा होत नाही.

ऊसदराचंच उदाहरण सोडवून बघू. खालचा कारखाना काल्पनिक आहे, पण दराचा हिशेब खरा आहे.

२०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्राने एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा किमान कायदेशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये ठरवला होता. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की क्विंटलला ३.३२ रुपये वाढतात, घटला की तेवढेच कमी होतात. ही घट साडेनऊ टक्क्यांपर्यंतच, त्याच्या खाली ३१५.१० रुपयांवर दर थांबतो.

समजा आपल्या कारखान्याचा उतारा ११.०५ टक्के आहे. मूळ उताऱ्यापेक्षा ०.८ ने जास्त. म्हणजे आठ पायऱ्या, ८ गुणिले ३.३२ बरोबर २६.५६. दर झाला क्विंटलला ३६६.५६ रुपये, टनाला साधारण ३,६६६. आता यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. तो टनाला ८५० रुपये धरला तर शेतकऱ्याच्या खात्यात येतात २,८१६.

इथेच दोन स्लाइड तयार होऊ शकतात. एकीवर "ऊसदर ३,६६६" आणि दुसरीवर "ऊसदर २,८१६". दोन्ही आकडे बरोबर, आणि दोन्ही एकाच अहवालातून घेतलेले. पण शेजारच्या कारखान्याची "निव्वळ" दराची स्लाइड आणि आपल्या कारखान्याची "एकूण" दराची स्लाइड एका ग्रुपवर शेजारी शेजारी आली, तर पोरं रात्रभर भांडतात. मी हे बघितलंय.

याच्याहून महत्त्वाची एक अट आहे, ती म्हणजे उतारा कोणत्या वर्षाचा. केंद्राच्या पद्धतीत मागच्या हंगामाचा उतारा धरतात. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची आणि चालू हंगामाचा उतारा धरायची पद्धत आणली. त्याविरुद्ध राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे या काळातल्या अहवालांत "उतारा" शब्द दिसला की तो कोणत्या हंगामाचा हे बघायलाच हवं.

फरक किती पडतो? समजा आपल्या कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा ११.०५ होता आणि चालू हंगामात तो १०.४५ वर आला. १०.४५ धरला तर दोनच पायऱ्या, ६.६४ रुपये, म्हणजे दर टनाला ३,४६६ आणि हातात २,६१६. टनामागे दोनशे रुपयांची तफावत. शंभर टन ऊस घातलेल्याचे जवळपास वीस हजार रुपये. हे वीस हजार अहवालात एका तळटीपेत बसलेले असतात, आणि स्लाइड करताना तळटीप सगळ्यात आधी उडते.

तळटीपेत आणखी एक गोष्ट सापडते. कारखान्याने बी-हेवी मळी किंवा उसाचा रस इथेनॉलकडे वळवला असेल तर पोत्यात भरलेली साखर कमी दिसते. मग उताऱ्यात वळवलेली साखर मिळवून घेतली की नाही, हे लिहिलेलं असतं. मिळवलेला आणि न मिळवलेला असे दोन उतारे एकाच अहवालात असू शकतात. दराच्या स्लाइडवर मिळवलेलाच घ्या.

आता हीच स्लाइड माझ्या पद्धतीने अशी होते:

```
# उसाला हातात टनाला २,८१६ रुपये; उतारा मात्र घसरला

- दर ३,६६६, त्यातून तोडणी-वाहतूक ८५० वजा (पान ३१)
- उतारा मागच्या हंगामात ११.०५, या हंगामात १०.४५ (पान २७)
- दर मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर; यंदाच्या धरला तर २,६१६ (पान ३१ ची तळटीप)
```

प्रत्येक मुद्द्यापुढे पान क्रमांक आहे. तो सजावटीला नाही. कोणी विचारलं "हे कुठून आणलं?" तर तुमच्याकडे उत्तर हवं, आणि त्याच्याकडे पान उघडून बघायची सोय.

नफ्याची स्लाइड सगळ्यात घातकी

दराच्या स्लाइडवर निदान भांडण होतं, नफ्याच्या स्लाइडवर कोणी भांडतही नाही. "यंदा १.८० कोटी नफा" वाचलं की सगळे अंगठे वर.

त्याच काल्पनिक कारखान्याचा हिशेब बघू. मनोगतात नफा १.८० कोटी. नफा-तोटा पत्रकातही १.८० कोटीच, म्हणजे मनोगत खोटं नाही. मागे लेखापरीक्षकांच्या अहवालात एक शेरा आहे: एका कर्जावरच्या वर्षभराच्या व्याजाची, २.६० कोटींची, तरतूद केलेली नाही.

तरतूद न करणं म्हणजे देणं तर आहे, पण यंदाच्या खर्चात लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर १.८० वजा २.६०, म्हणजे ८० लाखांचा तोटा. आणि ताळेबंदात मागचा संचित तोटा ४१ कोटी असेल तर नफा धरून तो ३९.२० कोटींवर उतरलेला दिसतो. शेरा धरला तर ४१.८० कोटींवर चढतो. कारखाना सावरतोय की आणखी खोलात जातोय, याचं उत्तर त्या एका शेऱ्यावर उलटं होतं.

बहुतेक जण काय करतात? नफा सहाव्या स्लाइडवर आणि "लेखापरीक्षकांचे काही शेरे" दहाव्या स्लाइडवर. संगणकावर क्रमाने बघितलं तर चालेलही. पण आपल्याकडे स्लाइड क्रमाने बघतो कोण? सहाव्या स्लाइडचा स्क्रीनशॉट निघतो आणि तो एकटाच फिरतो. दहावी मागेच राहते. म्हणून शेरा ज्या आकड्यावर आहे त्याच स्लाइडवर, तिसऱ्या मुद्द्यात गेला पाहिजे. शेऱ्यांची वेगळी स्लाइड मी करतच नाही.

```
# कागदावर १.८० कोटी नफा, पण २.६० कोटींचं व्याज धरलेलं नाही

- नफा-तोटा पत्रकात नफा १.८० कोटी (पान ५२)
- संचित तोटा ४१ वरून ३९.२० कोटींवर आलेला दिसतो (पान ४९)
- व्याज धरलं तर ८० लाख तोटा, संचित तोटा ४१.८० कोटी (शेरा, पान ७१)
```

कोणी म्हणेल हा मथळा एकतर्फी झाला. मला तसं वाटत नाही, दोन्ही आकडे त्यात आहेत. एकतर्फी व्हायला "कारखाना बुडीत" असं लिहावं लागेल, आणि तसं लिहायचं नाही. शेऱ्याखाली दोष दुरुस्ती अहवालात संस्थेचं उत्तरही असतं, उदाहरणार्थ "व्याज सवलतीचा प्रस्ताव बँकेकडे पाठवला आहे". ते उत्तर दमदार असेल तर त्यालाही पुढच्या स्लाइडवर जागा द्या. मागच्या वर्षीही शब्दशः तेच उत्तर होतं का, हे मात्र जुना अहवाल काढून बघा.

आणखी एक अट जवळजवळ प्रत्येक आकड्याला लागते: तारीख. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. साखरेचा हंगाम मात्र दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ३१ मार्चला गोदामात साखर भरलेली आणि शेतकऱ्यांची देणीही चढलेली. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. पण ३१ मार्चच्या "ऊस बिलं देणे" आकड्यात काल-परवा आलेला ऊसही असतो. तो सगळाच थकीत म्हणून स्लाइडवर टाकला तर ते चूक, आणि सप्टेंबरपर्यंत सगळं दिलं असं गृहीत धरलं तरी चूक. "३१ मार्च अखेर" हे तीन शब्द लिहिलेच पाहिजेत.

कोलंबियाची स्लाइड

अट खालच्या ओळीत ढकलली की काय होतं, याचं जगातलं सगळ्यात अभ्यासलं गेलेलं उदाहरण नासाचं आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान उडताना इंधन टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच इंजिनिअरांनी नुकसानीचा अंदाज काढून स्लाइड बनवल्या. त्यातल्या एका स्लाइडच्या मथळ्याचा सूर असा होता की चाचण्यांची माहिती सुरक्षित बाजूला आहे. त्याच स्लाइडच्या तळाशी, मुद्द्याच्या आतल्या उपमुद्द्यात, लिहिलं होतं की प्रत्यक्ष आदळलेला तुकडा चाचण्यांतल्या तुकड्यांपेक्षा खूपच मोठा आहे. आकारमानात सुमारे ६४० पट. म्हणजे त्या चाचण्या या प्रसंगाला लागूच होत नव्हत्या.

१ फेब्रुवारी २००३ ला परत येताना यान फुटलं. कल्पना चावलासह सात जण गेले. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं त्या स्लाइडचं विश्लेषण छापलं, आणि तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरण्याच्या नासाच्या सवयीवर बोट ठेवलं. अपघात स्लाइडमुळे झाला असं कोणी म्हणत नाही, तो फोममुळे झाला. पण निर्णय घेणाऱ्यांनी मथळा वाचला, आणि मथळा रद्द करणारी ओळ सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात होती.

यातून मी कामाचा एकच नियम घेतलाय: उपमुद्दे करायचे नाहीत. एखादी गोष्ट तीन मुद्द्यांत मावत नसेल तर तिच्या दोन स्लाइड करा. मुद्द्याच्या आत मुद्दा टाकला की तो फोनवर दिसतच नाही.

प्रत्यक्ष बनवताना

आधी स्लाइड ॲप उघडू नका. रंग, फाँट आणि कारखान्याच्या चिमणीचा फोटो यातच संध्याकाळ जाते. फोनच्या साध्या नोट्समध्ये वर दाखवली तशी रूपरेषा लिहा: `#` ने मथळा, `-` ने मुद्दा. लॅपटॉप हाताशी असेल तर ती `ahval.md` नावाने साठवा आणि पॅनडॉक हे मोफत सॉफ्टवेअर टाकून एवढं लिहा:

```
pandoc ahval.md -o ahval.pptx
```

प्रत्येक `#` ची एक स्लाइड होते. फोनच असेल तर गूगल स्लाइड्समध्ये मथळा आणि मजकूर असलेला साधा लेआउट घेऊन हाताने चिकटवा. आठ-दहा स्लाइडला अर्धा तास लागतो. आणि खरं सांगायचं तर रूपरेषा तशीच मेसेजमध्ये पाठवली तरी चालते. ज्यांचा फोन जुना आहे ते ती आधी वाचतात.

ताळेबंदाच्या स्लाइड करू नका. तीस ओळींच्या पानातून तीन ओळी निवडल्या की निवडणाऱ्याचं मत आलंच. त्या पानाचा स्वच्छ फोटो सोबत जोडा, आणि स्लाइड फक्त त्यातल्या बदलांवर करा: कर्ज वाढलं का, ठेवी घटल्या का, संचित तोटा कुठे चाललाय. संचालकांचे फोटो, शोकप्रस्ताव, पुरस्कार यांचं तर सोडूनच द्या, ते ज्याला बघायचे तो पीडीएफमध्ये बघेल.

स्लाइड पाठवायच्या आधी एक उलट तपासणी करा. फक्त मथळे एकाखाली एक वाचा. दहा मथळ्यांतून कारखान्याची परिस्थिती कळत असेल तर काम जमलं. "ऊसदर, गाळप, कर्ज, प्रकल्प" अशी नुसती यादी झाली असेल तर मथळे परत लिहा. नंतर प्रत्येक स्लाइडवरचा फक्त तिसरा मुद्दा वाचा. तिथे तारीख, तळटीप किंवा शेरा यांपैकी काहीच नसेल तर अहवालाचं ते पान परत उघडा, बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच.

शेवटची स्लाइड मी सभेत विचारायच्या प्रश्नांची करतो. तीनच प्रश्न, पान क्रमांकासह. "पान ७१ वरच्या व्याजाची तरतूद यंदा करणार का?" असा प्रश्न विचारला की माईकवरून "नंतर बघू" म्हणणं जड जातं. अहवालात एखादं पानच नसेल, किंवा लेखापरीक्षकांचा भाग छापलाच नसेल, तर सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक विनाशुल्क पाहता येतं. शुल्क भरून नक्कलही मिळते. अर्ज सभासदाच्या नावानेच द्यावा लागतो. तेव्हा शेअर आजोबांच्या नावावर असेल तर त्यांची सही घ्या आणि सभेच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.